मान टाकलेला मोबाइल स्टँड

मे महिना, नागपूर, दुपारभर गाडी उन्हात. संध्याकाळी पाहतो तर डॅशबोर्डवरचा, मीच थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये प्रिंट केलेला स्टँड मान टाकून बसलेला! पीएलए वितळतं १७० अंशांच्या आसपास, म्हणून मी निर्धास्त होतो. पण साधारण ६० अंशांना, म्हणजे काच-संक्रमण तापमानाला, ते न वितळताच मऊ पडतं. बंद गाडीचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. जाडी वाढवून दुसरा स्टँड केला, तोही वाकला.

कुकरच्या दांड्याचं बेकलाइट आठवलं. त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधलेल्या, त्यामुळे ते वितळत नाही, फार तापलं तर करपतं. पण माझा प्रिंटर प्लास्टिक वितळवूनच वस्तू घडवतो, म्हणूनच त्याला ते निरुपयोगी. शेवटी एबीएस हे दुसरं प्लास्टिक घेतलं. ते साधारण १०५ अंशांपर्यंत ताठ राहतं. जून लागला, स्टँड अजून सरळ आहे.