टीपीएला स्मरणपत्र: शेवटच्या कागदाची तारीख लिहा

सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन राजारामपुरीत झालं. भरपाईच्या क्लेमची फाईल कुरिअरने टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे गेली आणि पुढे महिनाभर फोनवर एकच उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे." मग ईमेल लिहिला. विषयात क्लेम नंबर, पॉलिसी नंबर आणि रुग्णाचं नाव. मजकूर एवढाच:

"डिस्चार्ज कार्ड, अंतिम बिल व पावत्या (मूळ प्रती) ४ मार्चला दिल्या, पोच जोडली आहे. १८ मार्चला आपण ऑपरेशन नोट्स मागितल्या, त्या २१ मार्चला ईमेलने पाठवल्या. आता कोणता कागद बाकी आहे? नसल्यास निर्णयाची तारीख लेखी कळवावी."

यात २१ मार्च महत्त्वाची. निकालाची मुदत शेवटचा आवश्यक कागद पोहोचल्यापासून मोजतात, फाईल दिल्यापासून नाही. ही तारीख लिहिली नाही, तर "क्वेरी पेंडिंग" म्हणायला त्यांना वाव राहतो. जुन्याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवा, म्हणजे सगळा पत्रव्यवहार एकत्र राहतो.

टीपीए कागद तपासतो, पण क्लेम नामंजूर करायचा निर्णय विमा कंपनीचाच. म्हणून प्रत कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवा. राग मात्र ईमेलमध्ये नको, तो चहाच्या गाड्यावर काढा. कंपनीनेही दाद दिली नाही, तर विमा नियामक आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करताना हाच ईमेल जोडता येतो.