लिंक्डइनच्या ‘अबाउट’मधल्या पहिल्या दोन ओळी: या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वहिनी गुजरातीतून मराठीत अनुवाद करतात. फवारणी पंप, ठिबक सिंचनाचे संच असा माल बनवणाऱ्या कंपन्या महाराष्ट्रात विकायला निघाल्या, की वापराच्या पुस्तिका वहिनींकडे येतात. काम चोख, पण लिंक्डइनवरून विचारणा येत नव्हती. ‘भाऊजी, जरा बघा ना माझं प्रोफाइल,’ असं त्या म्हणाल्या, म्हणून मी माझ्या फोनवर उघडलं. मला दिसलं ते एवढंच:

नमस्कार!

मी बडोद्यात राहणारी, भाषेवर मनापासून प्रेम करणारी, अनुभवी आणि…

पुढे ‘see more’. त्यावर बोट ठेवलं तर अख्खा मजकूर उघडतो, पण कंपनीतला माणूस ते बोट का ठेवेल? या बाई काय करतात हेच त्याला अजून कळलेलं नाही. अबाउटमध्ये 2,600 अक्षरं लिहिता येतात, फोनवर मात्र न उघडता दोन-तीन ओळीच दिसतात.

इथली सगळ्यात मोठी चूक मराठीच्या घडणीतून येते आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आपलं क्रियापद शेवटी बसतं. कर्ता आधी, मग विशेषणांची रांग आणि ‘काय करते’ ते अगदी टोकाला. वहिनींच्या वाक्यात ‘अनुवाद करते’ हे शब्द पंधराव्या-सोळाव्या जागी होते आणि कात्री नवव्या शब्दाशीच चालली. लांब मराठी वाक्य कापलं गेलं, की नेमकं कामच गळतं आणि नुसती विशेषणं उरतात. म्हणून पहिलं वाक्य आठ-दहा शब्दांतच पूर्ण व्हायला हवं, क्रियापदासकट.

दुसरी चूक: वरच सांगून झालेलं पुन्हा सांगणं. अबाउटपर्यंत येणाऱ्याने नाव, नावाखालची हेडलाइन आणि गाव आधीच वाचलेलं असतं. ‘बडोद्यात राहणारी’ हे शब्द तिथे फुकट गेले. ‘नमस्कार’ आणि त्याखालची रिकामी ओळ यांनी तर निम्मी जागा खाल्ली. रिकामी ओळही ओळच धरली जाते. वर्डमधून मजकूर चिकटवला की अशा ओळी बऱ्याचदा सोबत येतात. सेव्ह करण्याआधी पहिल्या वाक्याच्या शेवटी कर्सर ठेवून त्या पुसा. परिच्छेद पाडायचेच असतील तर कात्रीच्या खाली पाडा.

मग वहिनींनी दुसरं टोक गाठलं: ‘एका चुकीच्या शब्दाने काय घडू शकतं, माहीत आहे?’ उत्सुकता वाढते हे खरं, पण कुणाची? पंपाच्या कंपनीतल्या माणसाला हे आपल्यासाठी लिहिलंय असं वाटत नाही. एखाद्या वकिलाच्या प्रोफाइललाही ही ओळ चालली असती, आणि तीच तिची अडचण आहे. ओढ लागते ती त्याच्या रोजच्या कामातली वस्तू दिसली की.

मी विचारलं, ‘वहिनी, पुस्तिकेत तुम्ही सगळ्यात जास्त काय दुरुस्त करता?’ त्या लगेच म्हणाल्या, ‘दवा छांटवी. लोक त्याचं औषध शिंपडणं करतात. आपला शेतकरी फवारणी म्हणतो हो!’ हे ऐकल्यावर फार शोधावं लागलं नाही. आम्ही लिहिलं:

फवारणी पंप आणि ठिबकच्या गुजराती पुस्तिका मी मराठीत करते. कंपनीला फोन न करता शेतकऱ्याला पंप जोडता यावा, अशा भाषेत.

पहिल्या वाक्यात माल, दोन्ही भाषा आणि काम आलं. दुसऱ्यात कंपनीची रोजची डोकेदुखी आहे: पुस्तिका कळली नाही की गिऱ्हाईक फोन करतं. ‘दवा छांटवी’चा किस्सा आम्ही मुद्दाम तिसऱ्या वाक्यात ठेवला. तो वाचायलाच माणूस ‘see more’ दाबेल. चौदा वर्षांचा अनुभव त्याच्याही खाली गेला.

तपासताना शेवटची चूक होते. वहिनी कॉम्प्युटरवर बघून खूश झाल्या होत्या. तिथे ओळ रुंद असते, त्यामुळे पुष्कळ मजकूर दिसतो आणि सगळं ठीक वाटतं. फोनवर, तेही दुसऱ्याच्या फोनवर बघा. आम्ही आईंचा फोन घेतला. त्यांनी सेटिंगमध्ये अक्षरं मोठी ठेवली आहेत, त्यामुळे ओळीत शब्द कमी मावतात. तिथे पहिलं वाक्य ‘मराठीत करते’पर्यंत पूर्ण आलं, पण दुसरं ‘कंपनीला फोन न…’वर तुटलं आणि त्यातून काहीच कळेना. मग ते असं फिरवलं: ‘शेतकरी पुस्तिका वाचूनच पंप जोडतो, कंपनीला फोन करत नाही.’ आता आईंच्या फोनवर ‘शेतकरी पुस्तिका वाचूनच…’ एवढं दिसतं, आणि वहिनींच्या फोनवर ‘पंप जोडतो’पर्यंत.