लग्नसराईतल्या आहेरांनी बजेट कोलमडायचं, ते कसं थांबलं (सांगली)

तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका सुरू आणि महिनाअखेर उसनवारी. सरसकट 500 ठरवून पाहिले, सख्ख्या नात्यात टिकले नाहीत. जीव मेटाकुटीला यायचा.

जमलं ते असं. आधी आमच्या लग्नातली आहेराची वही काढली. कोणी काय दिलं ते पाहून रक्कम ठरवली: सख्खे 2,100, चुलत-मावस 501, ओळखीचे 251. मग पुढच्या वर्षीची घरं मोजली: 4, 10 आणि 20, म्हणजे 18,430 रुपये. त्यासाठी दिवाळीलाच वर्षाची आरडी उघडली, दरमहा 1,550, पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापली जाणारी. पाकिटं घरीच भरून चिकटवतो. मांडवात रक्कम वाढवायचा मोह होतो तो इथेच तुटतो. भाचीच्या लग्नातला मामाचा आहेर मात्र यात बसत नाही, त्याची आरडी वेगळी ठेवा.