अनोळखी डिव्हाइस दिसलं की या चुका टाळा: गूगल ड्राइव्ह पुन्हा ताब्यात घेताना

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला जायचं, तिथल्या कॉम्प्युटरवर आपलं जीमेल उघडायचं, ड्राइव्हमधली फाइल काढायची आणि घाईत तसंच निघून यायचं. गूगल खात्यात अनोळखी डिव्हाइस दिसण्यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं. नाशिकमधल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरी बाईंचं असंच झालं होतं. त्यांच्या ड्राइव्हमध्ये सभासदांचे करारनामे, आधारच्या प्रती आणि मेंटेनन्सचा हिशोब होता. खात्यात साइन इन झालेल्या डिव्हाइसच्या यादीत अनोळखी विंडोज कॉम्प्युटर दिसल्यावर त्यांनी लगेच `Sign out` दाबलं आणि काम झालं असं समजल्या. खरं काम तिथून पुढे होतं.

यादी नीट न वाचता सगळं काढून टाकणं

ही यादी `myaccount.google.com/device-activity` या पत्त्यावर मिळते. आत्ता साइन इन असलेली डिव्हाइसं तिथे दिसतात, शिवाय गेल्या 28 दिवसांत साइन आउट झालेलीही दिसतात. त्यामुळे यादीतलं प्रत्येक नाव म्हणजे आत्ता घरात शिरलेला माणूस नव्हे. एकाच फोनच्या दोन-तीन नोंदीही असू शकतात, कारण ब्राउझर बदलला किंवा इन्कॉग्निटोमध्ये साइन इन केलं की नवं सेशन, म्हणजे साइन इनची वेगळी नोंद, तयार होतं.

ठिकाणावर तर मुळीच भरवसा ठेवू नका. ते आयपी पत्त्यावरून काढलेलं असतं आणि मोबाइल इंटरनेटवर ते सहज दुसऱ्या शहराचं निघतं. बाईंना आधी धास्ती बसली ती ‘मुंबई’ लिहिलेल्या नोंदीची, आणि तो त्यांचाच फोन होता. संशयाची नोंद होती नाशिकचीच: विंडोज, क्रोम, आणि वेळ दुपारची, त्या दुकानात गेल्या होत्या तीच. म्हणून डिव्हाइसचा प्रकार, ब्राउझर आणि वेळ एकत्र पाहा, आणि काही दाबण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. पुढे तक्रार करावी लागली तर तो उपयोगी पडेल.

चुकीच्या मशीनवरून पासवर्ड बदलणं

पासवर्ड बदलण्याआधी ज्या मशीनवर बसला आहात ते स्वच्छ आहे का, हा प्रश्न विचारा. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर किंवा कुठलंतरी एक्स्टेन्शन टाकल्यावर हा त्रास सुरू झाला असेल, तर ब्राउझरमधल्या कुकीज चोरणारा मालवेअर असू शकतो. कुकी म्हणजे चालू सेशनचा पुरावा. ती चोराच्या हाती लागली की त्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. तुम्ही त्याच लॅपटॉपवर नवा पासवर्ड टाकलात की तोही जातो आणि नव्या कुकीजही जातात. अनोळखी डिव्हाइस काढल्यावर काही तासांत पुन्हा उगवत असेल तर पहिला संशय यावरच घ्या. अशा वेळी बदल फोनवरून करा आणि लॅपटॉप स्कॅन केल्याशिवाय, शक्यतो विंडोज नव्याने टाकल्याशिवाय, त्यावर साइन इन करू नका.

पासवर्ड बदलला म्हणजे सगळीकडून बाहेर, असं धरून चालणं

एकेका नोंदीवर `Sign out` दाबण्यापेक्षा पासवर्ड बदलणं जास्त परिणामकारक असतं, कारण गूगल तेव्हा बहुतेक ठिकाणचं साइन इन मोडतं. पण सगळीकडचं नाही. तुमची ओळख पटवण्यासाठी वापरली जाणारी डिव्हाइसं आणि घरातली काही स्मार्ट उपकरणं तशीच राहू शकतात. ज्या बाहेरच्या अॅपना तुम्ही खात्यात शिरायची परवानगी दिली आहे, त्यांचा प्रवेशही चालू राहू शकतो.

बाईंच्या खात्यात `myaccount.google.com/connections` उघडल्यावर पीडीएफ बदलून देणारं एक अॅप निघालं. कधीतरी एका फाइलसाठी घेतलेलं, आणि परवानगी मात्र ड्राइव्हमधल्या सगळ्या फाइली पाहण्याची, बदलण्याची आणि पुसण्याची. ते पासवर्डने आत आलेलंच नव्हतं, त्यामुळे पासवर्ड बदलून बाहेर गेलं नसतं. अशी प्रत्येक परवानगी हाताने काढावी लागते.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी अनोळखी नोंद साइन आउट करा, मग पासवर्ड बदला, मग बाहेरची अॅप तपासा, आणि दुसऱ्या दिवशी डिव्हाइसची यादी पुन्हा उघडून पाहा.

परतीची वाट उघडी ठेवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण लोक नेमकं हेच वगळतात. खात्यात थोडा वेळ शिरलेला माणूस पुन्हा येता यावं अशी सोय करून जाऊ शकतो. `Security` पानावर रिकव्हरी ईमेल आणि रिकव्हरी फोन तुमचेच आहेत का ते पाहा. पासकी म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या लॉकने साइन इन करायची सोय; तिच्या यादीत ओळखीची नसलेली पासकी असेल तर ती काढा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये ‘या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका’ असं ठरवलेली सगळी डिव्हाइसं रद्द करा आणि बॅकअप कोड नवे काढा. नवे काढले की जुने आपोआप बाद होतात.

बाईंचा रिकव्हरी फोन जुना, केव्हाच बंद केलेला होता. आपल्याकडे बंद झालेला नंबर किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, म्हणजे तुमच्या खात्याचा कोड भलत्याच माणसाच्या फोनवर जाऊ शकतो. नंबर बदलल्यावरही काही दिवस गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं, तेव्हा हे काम उद्यावर ढकलू नका.

जीमेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग हेही बघा. तुमचे मेल गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर जात असतील, तर इतर सगळ्या सेवांचे पासवर्ड रिसेटचे मेलही तिकडेच जातील.

फाइली कुणापर्यंत पोचल्या हे न तपासणं

पासवर्ड आणि शेअर केलेली लिंक यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. `Anyone with the link` असं ठेवलेलं फोल्डर पासवर्ड बदलल्यावरही उघडतं. बाईंच्या सोसायटीचं फोल्डर तसंच होतं, तेही `Editor` हक्कासह. लिंक `Restricted` करून त्यांनी फक्त कमिटीच्या सदस्यांचे ईमेल जोडले.

ड्राइव्हच्या `Activity` भागात फाइल बदलल्याचं, हलवल्याचं, शेअर केल्याचं दिसतं. दोन मर्यादा मात्र लक्षात घ्या. घुसलेल्या माणसाने तुमच्याच खात्यातून केलेलं काम तिथे तुमच्याच नावावर दिसतं, आणि नुसती फाइल उघडून पाहिली किंवा डाउनलोड केली तर त्याची नोंद या भागात होत नाही. काही गहाळ वाटलं तर `Trash` उघडा. तिथे फाइल 30 दिवस राहते, मग कायमची जाते.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर डाउनलोड झालेली आधारची प्रत कुठल्याही बटणाने परत येत नाही. दुकान माहितीतलं असेल तर स्वतः जाऊन `Downloads` फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामा करून घ्या, आणि तिथल्या क्रोममध्ये तुमचं प्रोफाइल तयार झालं असेल तर तेही काढून टाका. सेव्ह केलेले पासवर्ड त्या प्रोफाइलमध्ये राहू शकतात, म्हणून बँकेचे आणि इतर महत्त्वाचे पासवर्डही बदला. कागदपत्रांचा गैरवापर झाल्याचं दिसलं तर `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा.

पुढच्या वेळी प्रिंट हवी असेल तर दुकानदाराला तेवढी एकच फाइल फोनवरून पाठवा, आणि प्रिंट हातात पडल्यावर ती त्याच्या समोरच पुसायला सांगा.