नव्या डॉक्टरांची ओळख करून देणारी पोस्ट: या चुका टाळा

मानेवाड्यातल्या एखाद्या क्लिनिकमध्ये हार्मोन व मधुमेहाचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊ लागले, की रिसेप्शनवरून अशी पोस्ट निघते: 'आनंदाची बातमी! नागपुरातील नंबर वन मधुमेहतज्ज्ञ आता आपल्या भागात. शुगर मुळापासून बरी. पहिल्या 50 रुग्णांना तपासणी मोफत. दर मंगळवार, शुक्रवार संध्याकाळी.'

यातली सगळ्यात गंभीर चूक 'मुळापासून बरी' ही. 1954च्या औषधे व जादूई उपाय कायद्याच्या यादीत मधुमेह आहे, आणि त्या यादीतले आजार बरे करण्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही. 'नंबर वन' आणि मोफत तपासणी 2002च्या वैद्यकीय आचारसंहितेत अडकतात, कारण रुग्ण ओढण्यासाठी केलेली जाहिरात तिथे अनैतिक ठरवली आहे. क्लिनिकचं पेज दुसरं कुणी चालवत असलं तरी नाव डॉक्टरांचं असतं आणि तक्रार मेडिकल कौन्सिलकडे त्यांच्याच नावाने जाते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे डॉक्टरांच्या आचरणाबद्दलचे 2023चे नवे नियम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित झाले, तेव्हा त्यांचे फॉरवर्ड बघून मजकूर ठरवू नका.

'तज्ज्ञ' हा शब्दही जपून वापरा. त्या शाखेची विशेष पात्रता असेल तरच तो लावता येतो. एमबीबीएसनंतर मधुमेहाचा छोटा सर्टिफिकेट कोर्स केला म्हणून कुणी मधुमेहतज्ज्ञ होत नाही. पोस्ट लिहिण्याआधी डॉक्टरांकडून पदवी आणि नोंदणी क्रमांक लेखी घ्या, तोंडी ऐकून टाकू नका.

नवी प्रॅक्टिस सुरू झाल्याची साधी सूचना आचारसंहितेला मान्य आहे, फीसुद्धा जाहीर करता येते. म्हणून मी हे लिहीन:

'डॉ. (पूर्ण नाव), एमडी (मेडिसिन), डीएम (एन्डोक्रायनॉलॉजी), महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नोंदणी क्र. (…), (तारीख) पासून आमच्या क्लिनिकमध्ये मधुमेह, थायरॉइड व हार्मोनच्या आजारांचे रुग्ण तपासतील. दर मंगळवारी व शुक्रवारी, सायं. 5 ते 8. शेवटचा नंबर 7.30 वाजता. नंबरसाठी फोन: (…). तपासणी फी: (…) रु.'

फोटो टाळलेलाच बरा. लेटरहेड आणि पाटीवर स्वतःचा फोटो छापणं आचारसंहिता स्वतःची जाहिरात मानते, मग पोस्टवर तरी कशाला?

वेळेतली गफलत रुग्णाला सगळ्यात महाग पडते. नुसतं 'संध्याकाळी' लिहिलं, की उमरेड-काटोलहून एसटीने आलेली म्हातारी माणसं दुपारपासून बाकावर बसून राहतात, आणि आठला येणाऱ्याला परत जावं लागतं. शेवटच्या नंबरची वेळ म्हणूनच वेगळी द्यायची. डॉक्टर एखाद्या शुक्रवारी येणार नसतील तर तेही जाहीर करायला परवानगी आहे. आधीच्याच पोस्टमध्ये वरच्या ओळीत तारीख घालून लिहा, आणि ज्यांनी नंबर लावले आहेत त्यांना आदल्या दिवशी फोन करा.