डुर्श, फ्युअर, मिट, नाख, झाइट: विभक्ती अर्थावरून ठरवू नका

जर्मनमधील डेअर, डी, डास आणि त्यांची अक्युझेटिव्ह व डेटिव्ह रूपे ज्यांना तक्त्यात म्हणता येतात, पण बोलताना डेन म्हणावे की डेम हे ज्यांना सुचत नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. ए१ पातळीच्या शेवटी आणि ए२ च्या सुरुवातीला बहुतेक जण इथेच अडखळतात. मीही बराच काळ इथेच अडकून होतो, आणि घाईत लिहिताना आजही मथळ्यातल्या पाच शब्दांपाशी माझा हात क्षणभर थांबतो.

मूळ नियम छोटा आहे. डुर्श, फ्युअर, गेगन, ओने आणि उम यांच्यानंतर नेहमी अक्युझेटिव्ह येते. आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फोन आणि त्सू यांच्यानंतर नेहमी डेटिव्ह येते. इतके पाठ असूनही चूक का होते, हे समजून घेतल्याशिवाय पाठांतराचा उपयोग होत नाही.

चुकीचे पहिले कारण आपल्या भाषेच्या सवयीत आहे. मुलासाठी, मुलाबरोबर, मुलानंतर, मुलापासून असे म्हणताना आपण ‘मुलगा’चे एकच सामान्यरूप करतो आणि पुढे हवे ते शब्दयोगी अव्यय जोडतो. शब्दाचे रूप बदलते हे आपल्याला नवे नाही. पण पुढचे अव्यय कोणते आहे यावरून दोन वेगळी रूपे करावी लागतात, ही गोष्ट नवी आहे. त्यातच शाळेत शिकलेले संप्रदान आठवते आणि ‘साठी’ म्हणजे चतुर्थी, म्हणून फ्युअरनंतर डेटिव्हच असणार, असे मन सांगते. ते चूक आहे. ‘वडिलांसाठी’ हे फ्युअर डेन फाटर असेच होते.

दुसरा सापळा याहून मोठा आहे, आणि माझे सर्वाधिक महिने त्यातच गेले. ए२ च्या आसपास इन, आन, आउफ, उंटर अशी नऊ प्रिपोझिशन्स शिकवली जातात, जी दोन्ही विभक्ती घेतात. तिथे वोहिन, म्हणजे ‘कुठे जायचे’, असा प्रश्न असेल तर अक्युझेटिव्ह आणि वो, म्हणजे ‘कुठे आहे’, असा प्रश्न असेल तर डेटिव्ह, हा नियम लागतो. बागेत जातो, इन डेन पार्क. बागेत आहे, इम पार्क. हा नियम इतका पटतो की विद्यार्थी तो सगळ्याच प्रिपोझिशन्सना लावू लागतात. बस चालते, म्हणजे हालचाल आहे, म्हणून ते मिट डेन बुस म्हणतात. डॉक्टरांकडे जायचे आहे, म्हणजे पुन्हा हालचाल, म्हणून त्सू डेन आर्त्स्ट म्हणतात. भेटवस्तू जागेवरच आहे, म्हणून फ्युअर डेम फाटर म्हणतात. ही तिन्ही उत्तरे चुकीची आहेत. बरोबर रूपे मिट डेम बुस, त्सुम आर्त्स्ट आणि फ्युअर डेन फाटर अशी आहेत. वो आणि वोहिन हे प्रश्न त्या नऊ शब्दांपुरतेच आहेत. मिट किंवा नाख उच्चारल्यानंतर ‘इथे हालचाल आहे का?’ असा विचार मनात आला, तर आपण सापळ्यात पाय ठेवला आहे असे खुशाल समजावे. प्रिपोझिशन तोंडातून बाहेर पडले की विभक्ती ठरून गेलेली असते. उरलेल्या वाक्याचा अर्थ तिला बदलू शकत नाही.

आता लक्षात ठेवण्याच्या युक्त्या. आद्याक्षरे जुळवून केलेल्या संक्षेपांवर माझा विश्वास नाही. त्यांतून यादी आठवते, पण यादीतील शब्द कोणत्या गटाचा हे बोलण्याच्या क्षणी पुन्हा शोधावे लागते. रंगीत तक्ते देणाऱ्या शिक्षकापेक्षा प्रिपोझिशन आणि आर्टिकल एका दमात म्हणवून घेणारा शिक्षक मला अधिक मोलाचा वाटतो.

झाइट आणि नाख यांची खूण जर्मन भाषेतच आहे. ‘तेव्हापासून’ या अर्थाचा शब्द झाइटडेम आणि ‘नंतर’ या अर्थाने दोन वाक्ये जोडणारा शब्द नाखडेम. दोन्हींच्या शेवटी डेम आहे, म्हणजे विभक्ती शब्दातच सापडते. नाख हाउझं, म्हणजे ‘घरी’, यातील हाउसला लागलेला शेवटचा स्वर हा जुन्या डेटिव्हचाच प्रत्यय आहे. नाख पुणे, नाख डॉइचलांट यांत आर्टिकल नसल्यामुळे विभक्ती दिसत नाही, म्हणून सरावासाठी ही उदाहरणे घेऊ नका. नाख डेम एसन, म्हणजे ‘जेवणानंतर’, हे घ्या.

मिटसाठी ओठांकडे लक्ष द्या. मिट म्हणताना सुरुवातीला ओठ मिटतात आणि डेम म्हणताना शेवटी मिटतात. डेन म्हणताना मात्र ते उघडेच राहतात. जर्मन लोक भरभर बोलताना मिट डेमचे ‘मिटम’ करतात, तेव्हाही तो म ऐकू येतो. मिट मिअर, म्हणजे ‘माझ्याबरोबर’, हे सोबत पाठ करावे.

फ्युअरसाठी फ्युअर मिश, म्हणजे ‘माझ्यासाठी’, हे पुरेसे आहे. ते पहिल्या काही आठवड्यांतच कानावर पडलेले असते आणि मिश हे अक्युझेटिव्ह आहे. डुर्श आणि फ्युअर यांना जोडणारी आणखी एक खूण म्हणजे त्यांची आखूड रूपे. डासशी जोडल्यावर डुर्श्स आणि फ्युअर्स अशी स ने संपणारी रूपे होतात, तर बाइम, फोम, त्सुम ही डेटिव्हची रूपे म ने संपतात. डुर्शचा वाक्यखंड म्हणून डुर्श डेन टुनेल पक्का करावा.

सराव नेहमी पुल्लिंगी एकवचनी नामांवरच करावा, ही माझी आग्रहाची सूचना आहे. फ्युअर डी फ्राउ बरोबर आले म्हणजे नियम आला असे नाही, कारण डीचे रूप अक्युझेटिव्हमध्ये बदलतच नाही. अक्युझेटिव्हचा बदल फक्त पुल्लिंगी एकवचनात दिसतो, म्हणून चूकही तिथेच उघडी पडते.

पाचही शब्द एकत्र तपासण्यासाठी मी ही दोन वाक्ये वापरतो: झाइट आयनम मोनाट आर्बाइटं इश फ्युअर आयनन आर्त्स्ट. नाख डेम डीन्स्ट फारं इश मिट डेम बुस डुर्श डेन टुनेल नाख हाउझं. म्हणजे, एका महिन्यापासून मी एका डॉक्टरांकडे काम करतो. ड्युटीनंतर मी बसने बोगद्यातून घरी जातो. झाइटबरोबर इथे वर्तमानकाळ आहे आणि मराठीतही तो तसाच येतो, त्यामुळे काळाची काळजी करू नका. आता झाइट आयनम मोनाटच्या शेजारी फ्युअर आयनन मोनाट, म्हणजे ‘एका महिन्यासाठी’, ठेवून पाहा. नाम तेच, कालावधी तोच, कुठेही हालचाल नाही, तरी एकीकडे आयनम आणि दुसरीकडे आयनन. ही जोडी रोज मोठ्याने म्हटल्यावर अर्थावरून विभक्ती ठरवण्याची सवय माझ्यापुरती मोडली.

हे जमू लागल्यावर एक शंका हमखास येते: मग मिट डेन किन्डर्न, म्हणजे ‘मुलांबरोबर’, यात डेन कसे? हे डेन डेटिव्हच्या अनेकवचनाचे आहे आणि त्याची ओळख नामाच्या शेवटी लागलेल्या न मध्ये आहे. अनेकवचन आधीच न ने किंवा स ने संपत असेल तर हा जादा न लागत नाही; मिट डेन आउटोस मध्ये तो नाही. तिथे नाम अनेकवचनी आहे का, एवढेच पाहावे, आणि मिटवर संशय घेऊ नये.