डबा कुठला, नाणं कुठलं: बेझच्या स्लाइड्स ज्युनिअर्सना समजावताना

संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला आलं की पहिल्याच सत्रात कधीतरी तुमच्यावर एक काम येतं. सरांच्या स्लाइड्स असतात, विषय 'पुराव्यानुसार विश्वास बदलणे', आणि नव्या मुलांना त्या तुम्ही समजावून सांगायच्या असतात. पुण्यात आमच्या अभ्यासगटात हे काम बरेचदा माझ्याकडे आलं. यातली बहुतेक स्लाइड्स आपोआप समजतात. अडतं एकाच ठिकाणी, आणि तिथे सगळी मुलं अडतात. म्हणून हे सगळं त्या एका जागेबद्दल.

इतिहासाची स्लाइड अर्ध्या मिनिटात उरका. थॉमस बेझ १७६१ मध्ये गेला, त्याचा निबंध मित्र रिचर्ड प्राइसने १७६३ मध्ये पुढे आणला, आणि आज आपण जे करतो त्यातलं बरंचसं लाप्लासने १७७४ पासून पुढे उभं केलं. एवढं पुरे. मुलं डब्याची वाट बघत असतात.

डबे दोन, लाल आणि निळा. प्रत्येकात १० नाणी. लाल डब्यात ९ साधी नाणी आणि १ दोन्हीकडे छापा असलेलं. निळ्या डब्यात साधी ४ आणि दोन्हीकडे छापा असलेली ६. पडद्याआड कुणीतरी एक डबा निवडतं, त्यातून न बघता एक नाणं काढतं आणि तेच पुन्हा पुन्हा उडवतं. आपल्याला फक्त 'छापा' किंवा 'काटा' एवढंच ऐकू येतं. प्रश्न असा: डबा निळा आहे याची खात्री किती?

हे खरोखर करून दाखवा. नाण्यांऐवजी कॅरमच्या सोंगट्या घ्या, अप्पा बळवंत चौकातून गोल स्टिकर आणा, साध्या सोंगटीवर एकीकडे 'छ' आणि दुसरीकडे 'का', बाकीच्यांवर दोन्हीकडे 'छ'. डब्यांसाठी बाकरवडीचे रिकामे डबे चालतात. दोन खरी नाणी पाठीला पाठ चिकटवायचा मोह टाळा. ती जाड होतात आणि हात घालणाऱ्याला बोटांनीच कळतं, मग यादृच्छिक निवड कसली?

आता सूत्र लगेच लिहू नका. आधी माणसं मोजल्यासारखे खेळ मोजा. समजा हा खेळ ८०० वेळा झाला आणि डबा नाणेफेकीनेच निवडला, म्हणजे ४०० वेळा लाल, ४०० वेळा निळा. ही ५०:५० वाटणी म्हणजे प्रायर. लालच्या ४०० खेळांत ४० वेळा दुहेरी छाप्याचं नाणं हाती येईल, ३६० वेळा साधं. निळ्याच्या ४०० मध्ये २४० वेळा दुहेरी, १६० वेळा साधं. फळ्यावर हे चार आकडे चार चौकटींत लिहा आणि शेवटपर्यंत पुसू नका. सगळं व्याख्यान या चार चौकटींवर चालतं.

पहिला छापा ऐकू आला. दुहेरी नाण्यांचे सगळे खेळ टिकतात, साध्यांचे निम्मे गळतात. लालमध्ये उरले ४० अधिक १८०, म्हणजे २२०. निळ्यात २४० अधिक ८०, म्हणजे ३२०. उरलेल्या ५४० खेळांपैकी ३२० निळ्याचे, म्हणजे ५९.३ टक्के. हा पोस्टेरियर. इथे थांबून मुलांना सांगा की लाइकलिहुड म्हणजे 'किती खेळ टिकले त्याचं प्रमाण'. लालमध्ये ४०० पैकी २२०, निळ्यात ४०० पैकी ३२०. भागाकार सगळ्यांना येतोच. छेदात काय घालायचं, तिथे गोंधळ होतो, आणि खेळ मोजले की तो प्रश्नच उरत नाही.

पुढची स्लाइड सगळीकडे सारखीच असते: 'आजचा पोस्टेरियर हा उद्याचा प्रायर.' वाक्य बरोबर आहे. पण ते वाचून मुलं काय करतात ते बघा. ५९.३ टक्के हा नवा प्रायर धरतात, दुसऱ्या छाप्याला पुन्हा तेच २२०:३२० हे गुणोत्तर लावतात, आणि प्रत्येक छाप्याला तेच करत राहतात. म्हणजे दर छाप्याला निळ्याचं पारडं १६/११ पट जड.

यात चूक काय, हे सांगण्याआधी गंमत बघा. दोन छाप्यांनंतर त्यांचं उत्तर येतं ६७.९ टक्के. चार चौकटींतून खरं उत्तर ६८.३. तीन छाप्यांनंतर त्यांचं ७५.५, खरं ७५.४. कोण शंका घेईल? एक-दोन पायऱ्या तपासून 'जमलं' म्हणणारी मुलं इथेच फसतात, कारण आकडे जवळजवळ जुळतात. पाचव्या छाप्याला फट दिसते: त्यांचं ८६.७, खरं ८२.७. आणि सलग दहा छापे पडले की त्यांचं ९७.७ होतं, खरं मात्र ८५.६ वरच असतं.

खरं उत्तर तिथे का अडतं? चौकटींकडे बघा. दहा छाप्यांनंतर साध्या नाण्यांचे खेळ १०२४ ने भागले जातात, म्हणजे ३६० आणि १६० जवळपास शून्यावर येतात. उरतात ४० आणि २४०. आता हजार वेळा छापा पडला तरी हे दोन आकडे हलत नाहीत. २४० भागिले २८० म्हणजे ८५.७ टक्के, हे छत आहे. नाणं दुहेरी आहे याची खात्री ९९.८ टक्क्यांवर गेली, पण त्याच नाण्याकडून डब्याबद्दल जे कळण्यासारखं होतं ते कळून संपलं. एकाच मित्राने दहा वेळा सांगितलं की अमुक ठिकाणची मिसळ फक्कड, तर ते दहा जणांचं मत होत नाही.

आजचा पोस्टेरियर उद्याचा प्रायर हे खरंच, पण पोस्टेरियर कशाचा? फक्त डब्याचा ठेवला तर हातातल्या नाण्याबद्दल जे शिकलो ते प्रत्येक फेरीला फेकून दिलं जातं. पुढे न्यायची असते ती 'डबा आणि नाणं' या जोडीची वाटणी, चारही चौकटी. डब्याची खात्री हवी तेव्हा त्या चारांतून बेरीज करून काढायची, पण पुढच्या फेरीला बेरीज नव्हे, चौकटी न्यायच्या. डबा माहीत असला तरी एकाच नाण्याच्या फेका एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. नाणं कुठलं हे माहीत असेल तेव्हाच त्या स्वतंत्र होतात. हे वाक्य मी फळ्यावर लिहून त्याखाली रेघ मारते.

आणि हे पटवायला एक काटा पुरतो. दहा छाप्यांनंतर अकराव्याला काटा पडला असं सांगा आणि अंदाज विचारा. बहुतेक मुलं 'थोडं खाली येईल' म्हणतात. गुणाकारवाली पद्धतही तेच म्हणते, ९७.७ वरून जेमतेम ९५. पण काटा पडला म्हणजे दुहेरी नाण्याच्या दोन्ही चौकटी शून्य. उरतात साध्यांच्या, ३६० ला १६०, दोन्ही सारख्याच प्रमाणात आटलेल्या. निळ्याची खात्री ८५.६ वरून थेट ३०.८ टक्के. आधी पडलेले दहा छापे आता डब्याबद्दल काहीच सांगत नाहीत. काटा पहिल्याच फेकेला पडला असता तरी उत्तर ३०.८ च आलं असतं. वर्गात कुणी डुलक्या घेत असेल तर या आकड्याला जागा होतो.

ज्यांना विश्वास बसत नाही त्यांच्यासाठी लॅपटॉपवर एवढं चालवून दाखवा:

```python
w = {("R","D"): 40, ("R","N"): 360,
     ("B","D"): 240, ("B","N"): 160}
for toss in "HHHHHHHHHHT":
    for s in w:
        if s[1] == "N":
            w[s] *= 0.5
        elif toss == "T":
            w[s] = 0
    blue = w[("B","D")] + w[("B","N")]
    print(toss, round(100 * blue / sum(w.values()), 1))
```

यात `R` लाल, `B` निळा, `D` दुहेरी, `N` साधं. `w` मध्ये टक्के नाहीत, नुसती वजनं आहेत. भागाकार फक्त छापताना होतो, आणि हिशेब हाताने करतानाही तसाच करावा असं माझं मत आहे. दर पायरीला टक्के काढत बसलं की अपूर्णांकांचा चिखल होतो.

प्रायरवर प्रश्न येणारच, आणि तो बहुधा मागच्या बाकावरून येतो: "ताई, डबा नाणेफेकीने निवडला हे कशावरून?" प्रश्न योग्य आहे. पडद्यामागच्याला लाल डबा हाताशी होता, आणि तो दहापैकी नऊ वेळा तोच उचलतो असं समजा. मग सुरुवातच निळ्याला १० टक्के. सलग दहा छाप्यांनंतर निळा ३९.८ टक्क्यांवर येतो आणि ४० च्या वर कधीच जात नाही. दहा छापे ऐकूनही लालच अधिक संभाव्य! इथे मुलं म्हणतात की पुरेसा पुरावा आला की प्रायर धुऊन निघतो असं आम्ही वाचलंय. निघतो, पण पुरावा सतत नवं काही सांगत असेल तर. एकाच नाण्याला पकडून बसलो तर निळ्याला जास्तीत जास्त सहापट बळ मिळतं, त्यापुढे प्रायर जसाच्या तसा राहतो.

मग नवं नाणं काढा. दर फेकेनंतर नाणं परत टाकून, डबा हलवून, दुसरं काढलं तर मुलांचा तो १६/११ चा गुणाकार अगदी बरोबर ठरतो, आणि पुन्हा ५०:५० ने सुरुवात केली तर दहा छाप्यांना ९७.७ टक्के हे खरं उत्तर. म्हणजे त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता, तो दुसऱ्याच खेळाचा होता. स्लाइडवर 'एक नाणे काढून ते दहा वेळा उडवले' लिहिलंय की 'दहा वेळा नाणे काढून उडवले', हे बोटाने दाखवून वाचून घ्या.

शेवटी एक उदाहरण घरी करायला देते. तेच ५०:५०, दोन नाणी काढली, प्रत्येक दहा वेळा उडवलं, वीसही वेळा छापा. पहिलं नाणं परत टाकून दुसरं काढलं असेल तर निळा ९७.३ टक्के. परत टाकलं नसेल तर ९९.९ च्याही वर, कारण लाल डब्यात दुहेरी छाप्याचं नाणं एकच होतं, आणि ते एकदा बाहेर आलं की दुसरं तिथून येणार कुठून?